तो उठतो, ती वर पाहते

जेवणाच्या टेबलाशी बहीण-भाऊ समोरासमोर बसले आहेत. घर विकण्यावरून वाद चाललाय. भाऊ ताडकन उठतो, बहीण मान वर करून म्हणते, "बस खाली." पडद्यावर हे सगळं काही सेकंदांत उरकतं. चित्रीकरण मात्र तुकड्यातुकड्यांत झालेलं असतं: आधी दोघंही दिसतील असा मास्टर शॉट, मग भावाचा क्लोजअप, मग दिवे आणि कॅमेरा हलवून बहिणीचा. प्रत्येक वेळी तेच संवाद, तीच हालचाल पुन्हा. या तुकड्यांतून एक सलग भांडण उभं करताना संकलकाची सगळी भिस्त दोन गोष्टींवर असते: हालचाल आणि नजर.

भाऊ उठायला साधारण सेकंदभर लागतो, म्हणजे २४ फ्रेम्स. मास्टरवरून त्याच्या क्लोजअपवर जायचं असेल, तर नवखा संकलक बहुधा तो पूर्ण उभा राहीपर्यंत थांबतो. मग कट डोळ्यात खुपतो, कारण पडद्यावर सगळं स्थिर असताना एकदम चित्र बदलतं. अनुभवी संकलक तो खुर्चीवरून सुटल्याबरोबर, समजा आठव्या फ्रेमला कापतो आणि उरलेलं उठणं क्लोजअपमध्ये पूर्ण करतो. प्रेक्षकाची नजर त्या वर जाणाऱ्या चेहऱ्यामागे धावत असते. चित्र बदललं याकडे तिचं लक्षच जात नाही. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन या संशोधकांनी २००८ साली मांडलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना कट दिसताच बटण दाबायला सांगितलं होतं. मुद्दाम शोधत असूनही हालचालीवरचे सुमारे एक तृतीयांश कट त्यांच्या हातून निसटले.

यात एक गंमत आहे. आठवी फ्रेम संपली की क्लोजअप नवव्यापासून सुरू व्हावा, हे हिशेबाला धरून झालं. पण तसं केलं तर अनेकदा हालचालीला बारीकशी उडी बसल्यासारखी वाटते. हॉलिवूडमध्ये संकलक म्हणून घडलेले आणि पुढे दिग्दर्शक झालेले एडवर्ड डिमिट्रिक यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात सल्ला दिला आहे की, तीन ते पाच फ्रेम्सची हालचाल दोन्ही शॉट्समध्ये ठेवावी. नवं चित्र आल्यावर डोळा ते पकडेपर्यंत तेवढा क्षण वायाच जातो. अर्थात हा आकडा म्हणजे सुरुवात. शेवटी शॉट पुन्हा पुन्हा चालवून बघावाच लागतो. आणि नटाने मास्टरमध्ये "घर" या शब्दावर उठून क्लोजअपमध्ये वाक्य संपल्यावर उठायचं ठरवलं, तर कुठल्याच फ्रेमला कट बसत नाही.

आता नजर, सेटवरच्या भाषेत लुक. भाऊ कॅमेऱ्याच्या उजवीकडे पाहत असेल, तर बहिणीने डावीकडे पाहायला हवं. दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला की हे आपोआप जमतं. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला पाहू लागतात आणि समोर तिसरंच कुणी बसलंय असं वाटतं.

दिशा बरोबर असूनही उंची चुकते, हा जास्त फसवा प्रकार. भाऊ उठल्यानंतरचा बहिणीचा क्लोजअप घेताना समोरचा नट चहाला निघून गेला असेल, तर ती सरळ समोर बघूनच "बस खाली" म्हणते. पडद्यावर ती भावाच्या पोटाशी बोलतेय असं दिसतं. म्हणूनच त्या शॉटला नटाने कॅमेऱ्याशेजारी खरोखर उभं राहावं लागतं. तो नसेल तर स्टँडवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला टेपची खूण लावतात.

असा शॉट संकलनाच्या टेबलावर आला की उपाय थोडेच उरतात. दिशा उलटी असेल तर शॉट आरशासारखा फिरवता येतो, पण मग केसांचा भांग, पदर आणि मागच्या कॅलेंडरवरची अक्षरंही फिरतात. उंची चुकली असेल तर तिचं वाक्य भावाच्या चेहऱ्यावर ऐकवायचं, हा मार्ग. कित्येकदा तोच जास्त परिणामकारक ठरतो, कारण शब्द कसा लागला हे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लवकर कळतं.

नजरा जाणूनबुजून न जुळवण्याचं एक उत्तम उदाहरण म्हणजे जोनाथन डेमी यांचा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१). तुरुंगातल्या भेटीत हॅनिबल लेक्टर जवळजवळ थेट लेन्समध्ये पाहतो, तर क्लॅरिस स्टार्लिंगची नजर बहुतेकदा लेन्सच्या किंचित बाजूला असते. हिशेबाने हे जोड चुकीचे. पण कोठडी कुठे, काच कुठे आणि ती बाहेर कुठे बसली आहे, हे आधीच नीट दाखवलेलं असल्यामुळे कोण कुणाकडे पाहतंय याचा गोंधळ होत नाही. गोंधळाऐवजी लेक्टरची ती रोखलेली नजर क्लॅरिसच्या जागी बसलेल्या प्रेक्षकावर येते.