रिकाम्या प्लेटची परीक्षा

लघवीच्या संसर्गाचा कल्चर रिपोर्ट हातात येतो तेव्हा त्यात औषधांची एक यादी असते आणि प्रत्येक औषधापुढे 'सेन्सिटिव्ह' किंवा 'रेझिस्टंट' असं लिहिलेलं असतं. डॉक्टर त्यावरून गोळी किंवा इंजेक्शन ठरवतात. हे शब्द येतात एका मोजमापातून. अगारच्या प्लेटवर रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू सगळीकडे सारखे पसरवतात, त्यावर औषध भिनवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवून देतात. सकाळी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं गोल, स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याला झोन म्हणतात. झोनचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी ताडून पाहायचा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बॉअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ही पद्धत नीट बांधून दिली. आजही असंख्य प्रयोगशाळा याच पद्धतीने काम करतात.

या पद्धतीतली अडचण अशी की झोन किती मोठा पडेल हे एकट्या जिवाणूवर ठरत नाही. प्लेटमधल्या अगारची जाडी, त्याची आम्लता आणि त्यातले क्षार, या तिन्हींनी तो बदलतो. अगार ४ मिलिमीटर जाड असावा अशी अपेक्षा असते. तो पातळ ओतला गेला तर औषध आडवं जास्त पसरतं, झोन मोठा दिसतो आणि प्रतिकारक जिवाणू औषधाला दाद देणारा वाटू शकतो. जाड झाला तर उलट होतं. म्हणजे रुग्णाचा जिवाणू तोच, औषध तेच, पण प्लेट बदलली की उत्तर बदलू शकतं. म्हणूनच चांगली प्रयोगशाळा रुग्णाचा नमुना प्लेटवर टाकण्याआधी प्लेटचीच परीक्षा घेते, आणि तीही प्रत्येक बॅचची.

बॅच म्हणजे एकाच वेळी, एकाच फ्लास्कमधून तयार झालेल्या प्लेट. या चाचणीसाठी जो अगार लागतो त्याचं नाव म्युलर-हिंटन. त्याची भुकटी साधारण ३८ ग्रॅमला एक लिटर पाणी या प्रमाणात विरघळवतात, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं निर्जंतुक करतात, ४५ ते ५० अंशांपर्यंत निववतात आणि प्रत्येक प्लेटमध्ये सुमारे २५ मिलिलिटर ओततात. गोठल्यावर प्रत्येक प्लेटवर बॅच क्रमांक आणि तारीख लिहायची. हे लिहिणं चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं, कारण दोष सापडल्यावर तो कोणत्या प्लेटपर्यंत पोहोचला हेच सांगता येत नाही.

पहिली तपासणी निर्जंतुकतेची. बॅचमधल्या काही प्लेट बाजूला काढून त्यांवर काहीही न टाकता ३५ अंशांच्या आसपास एक-दोन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवतात. शंभरपर्यंतची बॅच असेल तर पाच टक्के प्लेट घ्यायच्या, असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्यांवर काहीच उगवलं नाही तर बॅच पास. तपासलेल्या प्लेट मात्र रुग्णासाठी वापरत नाहीत. त्या तशाच टाकून देतात, कारण इतक्या वेळात त्या कोरड्या पडलेल्या असतात.

प्लेटवर काही उगवलंच तर ते कुठे उगवलं हे अनुभवी माणूस आधी बघतो. वसाहत अगारच्या पृष्ठभागावर असेल तर जंतू बहुधा ओतताना किंवा ओतल्यानंतर हवेतून पडलेला असतो. वसाहत अगारच्या आत, खोलवर अडकलेली दिसली तर जंतू ओतण्याआधीपासूनच द्रवात होता, आणि संशय ऑटोक्लेव्हवर जातो. ब्लड अगारमध्ये रक्त निर्जंतुकीकरणानंतर मिसळतात. तिथे रक्ताची पिशवी हाही एक संशयित असतो. ऑटोक्लेव्हची स्वतंत्र तपासणी 'जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस' या उष्णतेला चिवट अशा जिवाणूच्या बीजाणूंनी होते. चक्र पूर्ण झाल्यावरही ते बीजाणू वाढले तर यंत्राने काम केलेलं नाही हे उघड होतं.

पण या तपासणीची मर्यादा ठाऊक असायला हवी, आणि ती साध्या गणिताने कळते. समजा, शंभर प्लेटमधल्या दोन दूषित आहेत आणि आपण पाच तपासल्या. त्या दोनपैकी एकही आपल्या हाती न लागण्याची शक्यता जवळजवळ ९० टक्के आहे. मात्र निम्म्या प्लेट दूषित असतील तर त्या निसटण्याची शक्यता तीन टक्क्यांहून कमी. याचा अर्थ, पाच प्लेटची तपासणी संपूर्ण बॅच बिघडवणारी चूक पकडते. यंत्र बिघडलं, रक्त दूषित होतं, ओतण्याच्या जागेची हवा खराब होती, अशा चुका ती दाखवते. इकडेतिकडे पडलेला एखादा जंतू ती दाखवत नाही. म्हणून प्रत्येक प्लेट वापरण्याआधी उजेडासमोर धरून बघायची सवय सोडता येत नाही. जंतूंची वाढ रोखणारी द्रव्यं असलेल्या माध्यमांत आणखी एक फसगत होते. तिथे आलेला जंतू जिवंत असूनही दबून राहतो आणि प्लेट स्वच्छ दिसते.

निर्जंतुक प्लेट म्हणजे योग्य प्लेट, असंही नाही. तिच्यावर काही उगवलं नाही एवढंच कळलं. तिच्यावर झोन खरा पडतो का, हे बघायला ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जिवाणू लागतो. त्याला संदर्भ स्ट्रेन म्हणतात. दुकानदाराचा काटा तपासायला निरीक्षक शिक्का मारलेलं वजन घेऊन येतो, तशी ही पारख. या कामातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे एश्चेरिशिया कोलायची एटीसीसी २५९२२ ही स्ट्रेन. ती 'सिएटल १९४६' या नावानेही ओळखली जाते. अमेरिकेतल्या एटीसीसी या जिवाणू-संग्रहाने तिला हा क्रमांक दिला आणि जगभरातल्या प्रयोगशाळा आपल्या प्लेट तिच्यावर तपासतात. जेन्टामायसिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती तिचा झोन १९ ते २६ मिलिमीटर पडायला हवा, टेट्रासायक्लिनच्या ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती १८ ते २५.

आता एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या प्रयोगशाळेत सोमवारी शंभर प्लेट ओतल्या. मधेच वीज गेली होती, म्हणून ऑटोक्लेव्हचं चक्र पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पाच प्लेट निर्जंतुकतेसाठी ठेवल्या. त्या स्वच्छ निघाल्या. त्याच संध्याकाळी तंत्रज्ञाने संदर्भ स्ट्रेनच्या ताज्या वसाहतींचं सलाइनमध्ये मिश्रण केलं. गढूळपणा ठरलेल्या मानकाइतका, म्हणजे दर मिलिलिटरला साधारण १० ते २० कोटी जिवाणू. स्वॅबने ते तीन दिशांनी प्लेटवर पसरवलं, चकत्या ठेवल्या आणि प्लेट ३५ अंशांना ठेवली. सोळा ते अठरा तासांनी मोजमाप झालं. जेन्टामायसिनचा झोन १६, म्हणजे कमी. टेट्रासायक्लिनचा २८, म्हणजे जास्त.

एकच झोन चुकला असता तर आधी मिश्रण, चकती आणि मोजणी तपासून चाचणी पुन्हा लावली असती. ठरवून दिलेल्या मर्यादा अशा आखलेल्या असतात की सगळं बरोबर असतानाही साधारण वीसातून एखादा आकडा बाहेर जाऊ शकतो. पण इथे दोन औषधं विरुद्ध दिशांना गेली आहेत, आणि तीच खूण आहे. आम्ल माध्यमात जेन्टामायसिनचा जोर कमी होतो आणि टेट्रासायक्लिनचा वाढतो. अगारमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असते तर टेट्रासायक्लिनचा झोन लहान झाला असता. चकत्या जुन्या झाल्या असत्या तर झोन मोठा व्हायचं कारणच नव्हतं. म्हणून तंत्रज्ञ पीएच मोजतो. तो ७.२ ते ७.४ असायला हवा, निघतो ६.७. दोनदा उष्णता मिळाल्यामुळे माध्यमाची आम्लता वाढली होती. शंभरच्या शंभर प्लेट फेकल्या जातात आणि कारण नोंदवहीत लिहिलं जातं.

ती बॅच वापरली गेली असती तर काय झालं असतं? ज्या रुग्णाच्या ई. कोलायचा खरा झोन १९ आहे, त्याचा इथे तीन मिलिमीटर कमी पडून १६ दिसला असता. आजच्या तक्त्यानुसार सेन्सिटिव्ह म्हणायला १८ किंवा जास्त लागतात. स्वस्त, नेहमीचं औषध रिपोर्टमधून बाद झालं असतं आणि डॉक्टरांना गरज नसताना महागडं, राखून ठेवायचं इंजेक्शन लिहावं लागलं असतं. निर्जंतुकतेच्या तपासणीने हे कधीच कळलं नसतं. त्या पाच प्लेट अगदी स्वच्छ होत्या.

संदर्भ स्ट्रेनलाही सांभाळावं लागतं, कारण ती जिवंत आहे आणि बदलते. ती गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून आणि चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातूनही प्रमाणित स्ट्रेन मिळतात. मूळ नळी उघडली की तिचे छोटे साठे करून उणे ६० अंशांखाली ठेवायचे आणि रोजच्या कामासाठी त्यातूनच ताजी वाढ काढायची. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी पिढ्यांवर पिढ्या वाढवत नेली तर घोळ होतो. स्यूडोमोनासची एटीसीसी २७८५३ ही स्ट्रेन वारंवार वाढवली की इमिपेनेमसारख्या औषधांना दाद देईनाशी होते. मग झोन लहान येतो, दोष चकतीला लागतो आणि चांगल्या चकत्या टाकल्या जातात. ई. कोलायची ३५२१८ ही स्ट्रेन नेमकी उलट. तिची प्रतिकारशक्ती प्लाझ्मिडवर असते आणि नुसती फ्रीजमध्ये ठेवली तर ते प्लाझ्मिड गळून जातं. ज्या एन्झाइमची परीक्षा घ्यायची तेच तिच्यात उरत नाही. म्हणून ठरावीक पिढ्यांनंतर, साधारण पाचव्यानंतर, नवा साठा उघडणं हा नियम आहे. अडचणीच्या दिवसांत सगळ्यात आधी तोच मोडला जातो.

तपासणीचा खर्चही खरा आहे. पाच टक्के प्लेट, चकत्या, दीड दिवस आणि एका माणसाचा वेळ. लहान प्रयोगशाळेत हा भार जाणवतो, म्हणून काही जण बाजारातल्या तयार प्लेट घेतात. त्यांच्यासोबत कंपनीचं तपासणीपत्र येतं, पण वाहतुकीत उन्हात तापलेल्या खोक्याची हमी ते देत नाही. तयार प्लेट आल्या तरी संदर्भ स्ट्रेनची चाचणी आपल्याकडे करावीच लागते.

तुमच्या घरात कुणाचं कल्चर करायचं असेल तर प्रयोगशाळेत एक प्रश्न जरूर विचारा: 'या अगारच्या बॅचवर २५९२२ चे झोन किती आले होते?' जिथे ही नोंद ठेवली जाते तिथे वही उघडून तारखेसह आकडे दाखवतात. जिथे दाखवू शकत नाहीत, तिथला नमुना दुसरीकडे न्या.