जाहिरातीचं काम कोणाला द्यावं?

समजा, साड्यांचं एक दुकान महिन्याला आठ लाखांची विक्री करतं. मालकाला आता जाहिरात वाढवायची आहे. एजन्सी चाळीस हजार मागते, फ्रीलान्सर पंधरा हजार. पगारी माणूस ठेवला तर पंचवीस हजार. जाहिरातीवरचा तीस हजारांचा खर्च तिन्हीकडे वेगळा.

आधी नफ्याचा हिशेब मांडावा. शंभर रुपयांच्या विक्रीत पंचवीस उरत असतील, तर एजन्सीचे एकूण सत्तर हजार भरून निघायला दोन लाख ऐंशी हजारांची जादा विक्री हवी. फ्रीलान्सरला एक लाख ऐंशी हजार पुरतात, पगारी माणसाला दोन लाख वीस हजार.

मग काम पाहावं. रोज नव्या साडीचे फोटो काढायचे, पदराचा रंग विचारणाऱ्या ग्राहकाला व्हॉट्सॲपवर लगेच उत्तर द्यायचं, तर माणूस दुकानातच हवा. ऑनलाइन जाहिराती लावून आठवड्याला त्यांचे आकडे तपासायचे, एवढंच असेल तर फ्रीलान्सर पुरे. मात्र ऐन दिवाळीत तो आजारी पडला तर बदली कोण, हे आधी ठरवावं. व्हिडिओ, वेबसाइट, जाहिरात असं सगळं एकदम हवं असेल आणि विक्री तो भार पेलत असेल, तरच एजन्सी.

कोणालाही नेमा, पण जाहिरातीचं खातं दुकानाच्याच नावावर उघडा. नाहीतर करार संपताच ग्राहकांची सगळी माहिती त्यांच्याकडेच राहते.