मित्राचा शेरा आणि टायरेसियसचं ‘कदाचित’
(लिहून झाल्यावर : भाग ६)

मित्राला लिखाण वाचायला दिलं की बऱ्याचदा दोन-तीन शब्दच हाती पडतात. ‘ताणलंयस.’ ‘नाटकी वाटतं.’ ‘हे काय मध्येच?’ त्यावरून नेमकं कुठलं वाक्य बदलायचं ते कळत नाही. खोदून विचारलं तर तो स्वतःचंच एखादं वाक्य सुचवून मोकळा होतो, आणि ते घेतलं तर कथा त्याची व्हायला लागते. असे शेरे आणि त्यांवरून झालेले बदल दोन्ही कागदावर टिकून राहिलेत असं उदाहरण क्वचितच मिळतं. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चं मिळतं.

ही कविता १९२२ साली छापली गेली. त्याआधी एलियटने तिचा खर्डा पॅरिसमध्ये एझ्रा पाउंडला दाखवला होता. पाउंड वयाने थोडा मोठा, स्वतः कवी, आणि जिभेला हाड नसलेला. त्याने कागदांवर पेन्सिल चालवली, कडवीच्या कडवी छाटली. पुढे ते कागद न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाकडे गेले आणि कित्येक वर्षं कुणालाच दिसले नाहीत. १९७१ मध्ये एलियटच्या दुसऱ्या पत्नीने, व्हॅलरीने, ते संपादित करून छापले. त्यामुळे आज कुणाचा शेरा कुठे होता आणि शेवटी काय झालं, हे शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतं.

कवितेच्या तिसऱ्या भागात लंडनमधली एक टंकलेखिका आहे. संध्याकाळी तिच्या खोलीवर एक कारकून येतो. जे व्हायचं ते तिच्या मनाविरुद्ध नाही आणि मनापासूनही नाही, असं होतं आणि तो निघून जातो. हे सगळं सांगतो टायरेसियस, ग्रीक पुराणातला आंधळा द्रष्टा. कारकून गेल्यावर तिच्या डोक्यात एक अर्धवट विचार ‘येत असेल कदाचित’, अशा अर्थाची ओळ खर्ड्यात होती. पाउंड त्यावर उखडला. त्याने समासात लिहिलं त्याचा आशय असा : एकदा काय ते ठरव, तू टायरेसियस आहेस, तुला माहीत असेल तर पक्कं माहीत, नाहीतर नाही.

शेरा उद्धट आहे, पण त्यात ‘मला आवडलं नाही’ असं कुठेही नाही. पाउंड एलियटला एलियटचाच नियम दाखवतोय. निवेदक सर्वज्ञ निवडलास, मग त्याच्या तोंडी शंका कशी? एलियटने काय केलं पाहा. शंका दाखवणारं क्रियापद त्याने काढलं, पण विचार अर्धवटच ठेवला आणि ओळीच्या शेवटचा यमकाचा शब्दही हलवला नाही. नव्या ओळीत तिचा मेंदूच त्या विचाराला जाऊ ‘देतो’. म्हणजे संदिग्धता निवेदकाच्या जिभेवरून निघाली आणि जिथे ती असायला हवी तिथे, त्या थकलेल्या बाईच्या डोक्यात, जाऊन बसली. ही नवी रचना पाउंडने सुचवलेली नव्हती. चूक त्याने दाखवली, उपाय एलियटने शोधला. मला विचाराल तर अख्ख्या हस्तलिखितातला हा सर्वांत शिकण्यासारखा बदल आहे.

तर मित्राचा शेरा आला की आधी शोधायचं ते हे : आपल्याच लिखाणाने घातलेला कुठला नियम इथे मोडलाय? समजा, एका कथेचा निवेदक एसटीचा कंडक्टर आहे. शेवटच्या फेरीला एक बाई चढते, आणि लेखक लिहितो : ‘कदाचित तिला त्या क्षणी माहेरची आठवण दाटून आली असावी.’ मित्र म्हणतो, ‘फिल्मी आहे. तिला सरळ रडव ना.’ रडवणं हा मित्राचा उपाय झाला. तो बाजूला ठेवू. ‘फिल्मी’ मात्र खरं आहे. कारण असं की आतापर्यंत कंडक्टरने फक्त डोळ्यांना दिसलेलं सांगितलंय, आणि इथे तो अचानक बाईच्या मनात शिरला. मग त्याला दिसेल तेवढंच लिहायचं : ‘शंभराची नोट दिली. मी उरलेले पैसे हातावर ठेवले, तिने न मोजता मूठ मिटली. तिचा थांबा आला तेव्हा मलाच हाक मारावी लागली.’ रडणं नाही, माहेर नाही, ‘कदाचित’ही नाही. कंडक्टरचा आवाज मात्र आधीपेक्षा जास्त त्याचा झाला.

आता उलटी बाजू. कवितेच्या दुसऱ्या भागात नवरा-बायकोचा तुटक, ताणलेला संवाद आहे. त्याच्याशेजारी पाउंडने ‘फोटोग्राफी’ अशा अर्थाचा शेरा मारला. म्हणजे जीवनाची नुसती नक्कल. त्याच संवादाला एलियटची तेव्हाची पत्नी व्हिव्हिएन हिने मात्र भरभरून दाद दिली होती. एलियटने संवाद ठेवला. बरंच केलं. निरनिराळे आवाज कानावर आदळणं हाच त्या कवितेचा बाज आहे, आणि तो संवाद त्यात चपखल बसतो. पाउंडचा शेरा इथे कवितेच्या नियमातून आलेला नव्हता, त्याच्या स्वतःच्या आवडीतून आला होता.

मित्राचा शब्द तसाच्या तसा कधीच घ्यायचा नाही, असंही नाही. त्याच भागात दारूच्या गुत्त्यातली एक बाई मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल बोलते. तो सैन्यातून परत येतोय हे सांगायला एलियटने लांबलचक शब्द वापरले होते. पाउंडने त्याजागी युद्धानंतर लंडनमध्ये सर्रास बोलला जाणारा एकच शब्द सुचवला. व्हिव्हिएननेही त्या बाईच्या तोंडी शोभेल असं एक ठसकेबाज वाक्य दिलं. एलियटने दोन्ही घेतले. ते शब्द एलियटचे नव्हते हे खरं, पण त्या जागी बोलत होती ती बाई, आणि तिच्या जिभेची ओळख त्या दोघांना जास्त होती. निवेदकाच्या आवाजात उसना शब्द लगेच खटकतो, पात्राच्या तोंडी बरेचदा खपून जातो.

सगळ्यात मोठी छाटणी चौथ्या भागात झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघालेल्या जहाजाची लांबलचक हकीकत गेली आणि बुडालेल्या फ्लेबस नावाच्या फिनिशियन खलाशाच्या फक्त दहा ओळी उरल्या. एवढं गेल्यावर एलियट खचला. मग फ्लेबसही काढून टाकू का, असं त्याने पाउंडला पत्रातून विचारलं. इथे माणूस कसा घसरतो ते दिसतं. चार शेरे पटले की पाचव्या जागी कुणी काही म्हटलेलं नसतानाही आपणच सुरी चालवायला लागतो. पाउंडने ठाम नकार दिला. पहिल्या भागातल्या पत्त्यांमध्ये बुडालेला खलाशी आधीच आलाय, तो इथे हवाच, हे त्याचं कारण. पुन्हा कवितेचाच नियम.

एक गोष्ट मात्र या कसोटीत बसत नाही. नवरा-बायकोच्या त्याच प्रसंगात बुद्धिबळाच्या सोंगट्यांबद्दलची एक ओळ होती. ती गाळावी असं व्हिव्हिएनने सांगितलं. ओळीत दोष नव्हता. तो प्रसंग त्यांच्या संसाराच्या फार जवळचा होता, एवढंच त्यामागचं कारण दिसतं. असा शेरा लिखाणावरचा नसतोच. तो माणसाने केलेली विनंती असतो, आणि त्याचं उत्तर पुनर्लेखनात शोधून मिळत नाही. एलियटने ओळ गाळली. व्हिव्हिएन १९४७ साली वारली. १९६० मध्ये लंडनच्या एका ग्रंथालयाच्या मदतीसाठी त्याने ही कविता पुन्हा स्वहस्ते लिहून दिली, तेव्हा ती ओळ आठवणीने परत घातली.

(पुढील आठवड्यात : छाटलेल्या मजकुराचं काय करायचं?)