काळ्या केसांतला निळा थरांनी चढतो

काळ्याभोर केसांवर निळा किंवा गुलाबी रंग नुसता फासला, तर तो उन्हातही जेमतेम दिसतो. हे भडक रंग केसातला मूळ रंग काढत नाहीत, त्यावर पातळ पडद्यासारखे बसतात. खालचा रंग जसा असेल तसं त्यांचं रूप ठरतं. म्हणून आधी ब्लीच करून केस उजळावे लागतात. बरेच जण इथेच चुकतात. सगळे केस मुळापासून टोकापर्यंत एकसारखे पांढुरके करून घेतात आणि त्यावर एकच निळा चढवतात. केसांचं नुकसान होतं ते होतंच, शिवाय डोक्यावर विग घातल्यासारखं दिसतं.

खरे केस कधीच एका रंगाचे नसतात. मुळाशी आणि मानेवर ते गडद असतात, तर चेहऱ्याजवळ, वरच्या थरात आणि टोकांना ऊन लागून थोडे फिके झालेले असतात. निळ्या रंगानेही हीच वाट धरली की तो डोक्यावर सहज वावरतो. काळे केस उजळताना आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी फिकट पिवळे होतात. प्रत्येक पायरीवर निळ्याची वेगळी छटा बसते, त्यामुळे सगळे केस शेवटच्या पायरीपर्यंत न्यायची गरजच उरत नाही.

खांद्याखाली आलेल्या, कधीही न रंगवलेल्या काळ्या केसांचं उदाहरण घेऊ. मुळाजवळचे दोन-तीन इंच तसेच काळे ठेवायचे. त्याखाली पातळ बटा घेऊन प्रत्येक बट मुळाच्या दिशेने उलटी विंचरायची आणि मोकळ्या राहिलेल्या केसांना ब्लीच लावायचं. उलट्या विंचरण्यामुळे ब्लीचची सुरुवात एका सरळ रेषेत होत नाही. ही रेषा दिसली की सगळं काम कृत्रिम वाटतं. ब्लीचमध्ये मिसळायचा डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा पुरतो. ४० व्हॉल्यूमने काम लवकर होतं, पण केस खरखरीत होऊन तुटायला लागतात. दर दहा मिनिटांनी एक बट पुसून रंग पाहायचा.

मानेवरच्या बटा नारिंगी झाल्या की तिथेच थांबायचं. नारिंगी निळ्याला मारतो, त्यामुळे तिथे हलका निळा मळकट दिसेल, पण दाट नेव्ही लावला तर शाईसारखी खोल छटा मिळते. मधल्या लांबीत केस पिवळे झाले की रॉयल ब्लू चढतो. पिवळ्यावर निळा हिरवट होतो, म्हणून त्यात थोडा जांभळा मिसळायचा. चेहऱ्याजवळच्या मोजक्या बटा आणि टोकं मात्र केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतकी फिकट हवीत. आकाशी रंग तिथेच खुलतो. गुलाबीचंही तसंच आहे. मजेंटा नारिंगीवरही निभावतो, पण फिका गुलाबी पिवळ्यावर लावला की पीचसारखा दिसतो.

दोन छटा जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींवर इंच-दोन इंच येऊ द्यायच्या आणि बोटांनी चोळून मिसळायच्या. धुतानाही घाई नको. गडद भाग आधी थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा आणि तोवर आकाशी बटा फॉइलमध्ये वर गुंडाळून ठेवायच्या. नाहीतर नेव्हीचं पाणी त्यांच्यावर उतरतं आणि काही तासांची मेहनत मिनिटात एकरंगी होते.

एवढी फिकट टोकं एका बैठकीत मिळतीलच असं नाही. ओली बट हलकेच ताणून बघावी. ती ताणून पुन्हा मूळ जागी आली तर ठीक, पण रबरासारखी लांबत राहिली किंवा चिकट लागली तर त्या दिवशी ब्लीच पुन्हा लावू नये. तेवढ्यावर जो निळा बसेल तोच घ्यावा आणि उरलेलं काम काही आठवड्यांनी करावं. थरांची पद्धत मला म्हणूनच आवडते. अर्धवट उजळलेले केसही त्यात वाया जात नाहीत. फिक्या छटा काही आठवड्यांत उतरतात. तेव्हा आकाशी टोकांना पुन्हा रंग द्यावा लागतो, पण काळी मुळं वाढली तरी खटकत नाहीत.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्याखालच्या टोकांचं वय तीन-चार वर्षं असू शकतं. तेव्हा लावलेली मेंदी अजून तिथेच असते. नीळ मिसळलेली मेंदी ब्लीचखाली हिरवी पडते, आणि काही ‘काळ्या मेंदी’तले धातूंचे क्षार पेरॉक्साइडशी संयोग पावून केस तापवतात, तोडतात. म्हणून खुर्चीत बसण्याआधी गेल्या काही वर्षांत केसांना काय काय लावलं ते सगळं सांगा, आणि आतली एक बट कापून तिच्यावर आधी ब्लीच करून पाहायला सांगा.