परसातली सावली आधी कागदावर

इंदूरच्या एका मराठी कुटुंबाने मे महिन्यात आपल्या परसाचा फोटो पाठवला. वरच्या गॅलरीतून, सकाळी साडेनऊला काढलेला. दक्षिणेकडच्या भिंतीपाशी लख्ख ऊन आणि उत्तरेच्या कोपऱ्यात गल्लीतल्या शेवग्याची सावली. सुनेचा बेत ठरलेला होता: भिंतीपाशी टोमॅटो, वांगी, मिरच्या लावायच्या आणि सासूबाईंचा वडीचा अळू त्या सावलीच्या कोपऱ्यात. फोटोत बरोबर दिसणारा हा बेत थंडीत पूर्ण उलटा पडला असता. आपल्याकडे घरच्या भाजीचा मुख्य हंगाम थंडीचाच, म्हणजे वर्षाची मेहनत वाया.

का, ते समजून घेऊ. मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. सकाळी साडेनऊला तो इंदूरला नेमका पूर्वेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीची सावली परसात पडतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलून, खालून जातो. तेव्हा इंदूर आणि वडोदऱ्याला भर दुपारीही कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी लांब असते. बेळगाव, गोवा, हैदराबादकडे ती थोडी आखूड, उंचीच्या सुमारे चार पंचमांश, तर ग्वाल्हेरला उंचीहून थोडी जास्तच. ही सावली उत्तरेकडे पडते. म्हणजे दक्षिणेची पाच फुटी भिंत थंडीत आपल्या पायाशी पाच फुटांचा पट्टा दुपारीही अंधारात ठेवते आणि सकाळी त्याहून रुंद पट्टा. शेवग्याचं उलट. तो ईशान्येला, गल्लीत आहे. थंडीत ऊन आग्नेयेकडून येतं, त्यामुळे त्याची सावली वायव्येला, परसाबाहेर जाते. मेमध्ये अंधारा दिसलेला कोपरा डिसेंबरात सगळ्यात उजेडाचा होतो.

आराखडा कसा काढायचा

फोटो मापासाठी वापरू नका. वरून काढलेल्या फोटोत जवळची जागा मोठी आणि लांबची आखडलेली दिसते. टेप घेऊन चारही बाजू मोजा. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या आणि एक चौकट म्हणजे एक फूट धरा. या परसाची लांबी दक्षिणोत्तर वीस फूट आणि रुंदी बारा फूट होती. पश्चिमेला बावीस फूट उंचीचं दुमजली घर, पूर्वेला गल्लीकडे तारेची जाळी, दक्षिणेला पाच फुटी भिंत आणि उत्तरेला शेजाऱ्यांचं बुटकं कुंपण. फोनमधल्या होकायंत्राने उत्तर दिशा बघून कागदावर बाण काढा. लोखंडी जाळी किंवा गाडी जवळ असेल तर होकायंत्र चुकतं, म्हणून मोकळ्यावर उभं राहून बघा. नळ, दार, झाडं आणि उंच भिंती कागदावर मांडा. प्रत्येक भिंतीची उंचीही तिच्याशेजारी लिहा.

आता फोटोचा खरा उपयोग. एकाच दिवशी, एकाच जागेवरून नऊ, बारा आणि तीन वाजता फोटो काढा. तिन्हींतल्या सावल्यांच्या कडा तीन रंगांच्या पेन्सिलींनी कागदावर उतरवा. जिथे एकही रंग नाही ती उन्हाची जागा. त्यानंतर दक्षिणेच्या भिंतीपासून तिच्या उंचीइतक्या चौकटी मोजून चौथी रेघ ओढा. ही डिसेंबरची रेघ. फोटो कोणत्याही महिन्यातला असला तरी ही रेघ विसरू नका.

या घरी उंच घर पश्चिमेला असल्यामुळे डिसेंबरात दुपारी दोनच्या सुमारास सगळं परस सावलीत जातं. म्हणजे ऊन मिळतं ते सकाळचं, आणि तेही उत्तरेच्या अर्ध्यात जास्त, साधारण पाच तास. फळभाजीला तेवढं तरी हवंच. त्याहून कमी ऊन असेल तिथे टोमॅटो लावू नयेत. पालेभाजीला तीन तास पुरतात.

वाफ्यांची मांडणी

घराला लागून दोन फुटांची पायवाट ठेवली, कारण तिथे ऊन सगळ्यात आधी सरतं. उरलेल्या दहा फूट रुंदीत पूर्व-पश्चिम असे पाच वाफे आखले आणि दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडली. वाफा तीन फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला तर वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दबत नाही.

उत्तरेकडून पहिला वाफा दोन फुटांचा. त्यावर सहा फूट उंचीची काठ्यांची कमान आणि वेल: पावसाळ्यात दोडका, थंडीत वालपापडी. वेल उत्तरेलाच हवेत, म्हणजे थंडीत त्यांची सावली आपल्या भाज्यांवर येत नाही. सुनेला ते पूर्वेच्या जाळीवर चढवायचे होते. जाळी आयती होती खरी, पण या परसाचं जवळजवळ सगळं ऊन पूर्वेकडून येतं. वेलाने ती झाकली असती तर सगळ्याच वाफ्यांचं सकाळचं ऊन अडलं असतं.

दुसरा वाफा फळभाज्यांचा. उत्तरेच्या ओळीत दोन-दोन फुटांवर तीन टोमॅटो आणि दोन वांगी. पुढच्या ओळीत दीड फुटांवर सहा मिरच्या, बुटक्या म्हणून दक्षिणेला. तिसऱ्या वाफ्यात मुळा, गाजर आणि लसणाची पात. चौथा वाफा डिसेंबरच्या रेघेला लागून, तिथे तीन तास ऊन. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर. तो चार भागांत वाटून दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरला, म्हणजे सगळी मेथी एकदम तयार होऊन वाया जात नाही.

पाचवा वाफा भिंतीच्या पायाशी, आणि तोच सासूबाईंच्या अळूचा. अळू पावसाळ्यात वाढतो. तेव्हा सूर्य वर असल्यामुळे इथेही ऊन येतं. थंडीत इथे ऊन नसतं, पण तेव्हा अळूची वाढ तशीही मंदावते. पुदिना त्याच्याच पुढे, पण पसरट टबात. मोकळा सोडला तर तो शेजारचा वाफाही बळकावतो.

आराखडा चुकला हे कसं ओळखाल

रोपंच सांगतात. ऊन कमी पडलं की खोड उंच आणि किडकिडीत होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, पानं फिकट पडतात आणि सगळं रोप उजेडाकडे झुकतं. टोमॅटोला पानं भरपूर पण फुलं कमी, असं खत जास्त झाल्यानेही होतं. फरक असा की तेव्हा खोड जाड आणि पानं गर्द हिरवी असतात, आणि रोप झुकत नाही. पहिल्या कारणावर खत घालून उपयोग नाही, जागाच बदलावी लागते. रोप वीतभर उंच असतानाच ते ओळखलं तर संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट उचलून उन्हाच्या वाफ्यात लावता येतं. फुलोऱ्यावर आल्यावर हलवलं तर फुलं गळतात.

उन्हाळ्यात हिशेब पुन्हा फिरतो. भिंतीची सावली नाहीशी होते आणि पालक, कोथिंबीर उन्हाने लवकर फुलावर येतात. तेव्हा घराची दुपारची सावली कामाची. एप्रिल-मेची थोडी पालेभाजी पायवाटेकडच्या टोकांना पेरा, तिथे सावली सगळ्यात आधी पोचते. हाच कागद जपून ठेवा आणि येत्या डिसेंबरात पुन्हा तीन फोटो काढून चौथी रेघ पडताळून बघा.