तिथीप्रमाणे लावा वाचकांचा हिशेब

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ साली २७ ऑगस्टला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे अधिक महिना नसलेल्या वर्षात सण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण इंटरनेटवर सणावारांच्या पाककृती, व्रतं, पूजाविधी लिहिणारी मंडळी डिसेंबरअखेर वर्षाचा आढावा घ्यायला बसतात, तेव्हा नेमकं हेच नजरेआड होतं. समोरचे आकडे जानेवारी ते डिसेंबर असे मांडलेले असतात. मग गेल्या सप्टेंबरशी हा सप्टेंबर ताडून पाहिला जातो, वाचक निम्म्याहून कमी झाल्याचं दिसतं आणि नसलेल्या दुखण्यावर उपचार सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे आणि त्यातले आकडे हिशेब कळावा म्हणून सोपे ठेवले आहेत. समजा, एका लेखिकेचं मराठी पाककृतींचं संकेतस्थळ आहे. तिचा सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख उकडीच्या मोदकांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये गूगलच्या शोधातून या लेखावर ९,००० वेळा लोक आले. सप्टेंबर २०२५ मध्ये आले ३,६००. म्हणजे साठ टक्के घट. घाबरून जावं असाच हा आकडा आहे. पण तो खरा किती?

आकडा नेमकं काय मोजतो

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. गूगलची ‘सर्च कन्सोल’ नावाची मोफत सेवा संकेतस्थळाच्या मालकाला मुख्यतः दोन गोष्टी सांगते. कोणी काही शोधलं आणि निकालांच्या यादीत आपला दुवा दिसला, तर ते एक ‘इम्प्रेशन’. आपण त्याला ‘दर्शन’ म्हणू. त्या दुव्यावर बोट टेकवून माणूस आत आला, तर तो एक ‘क्लिक’.

हे दोन्ही आकडे फक्त गूगलच्या शोधापुरते असतात. नणंदेनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवा उघडून आलेली वाचक यांत मोजली जात नाही. तिची नोंद भेटी मोजणाऱ्या वेगळ्या साधनात होते, आणि तिथेही ती बहुतेकदा ‘थेट आलेली’ अशीच होते, कारण ती कुठून आली याची खूण व्हॉट्सअ‍ॅप सहसा सोबत पाठवत नाही. म्हणून आढाव्यात शोधाचा आकडा आणि एकूण भेटींचा आकडा वेगवेगळे लिहावेत. त्यांची सरमिसळ झाली की पुढचा प्रत्येक निष्कर्ष डळमळीत होतो.

महिना नव्हे, सणाचा आठवडा

आता मोदकांकडे वळू. मोदकाची कृती लोक महिनाभर शोधत बसत नाहीत. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात शोध वाढत जातो, आदल्या दिवशी आणि सकाळी उकड काढायच्या वेळी शिगेला पोचतो आणि मग झपाट्यानं ओसरतो. २०२४ मध्ये हा सगळा चढ आणि पुढचे दहा दिवस बहुतांशी सप्टेंबरात होते. २०२५ मध्ये चढ पूर्णपणे ऑगस्टात गेला आणि ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंतचा उतार तेवढा सप्टेंबरच्या वाट्याला आला. दोन सप्टेंबरांची तुलना म्हणजे एका वर्षाचा सण आणि दुसऱ्या वर्षाची सणानंतरची शांतता यांची तुलना.

योग्य तुलना तिथीशी तिथीची. सर्च कन्सोलमध्ये हव्या त्या तारखा निवडता येतात. चतुर्थीचा दिवस आणि त्याआधीचे सात दिवस घ्यायचे, म्हणजे ३१ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर २०२४ आणि २० ते २७ ऑगस्ट २०२५. आपल्या लेखिकेला या आठ दिवसांत समजा २०२४ मध्ये ५,००० क्लिक मिळाले होते आणि २०२५ मध्ये ४,००० मिळाले. म्हणजे खरी घट साठ टक्के नाही, वीस टक्के आहे. फराळाच्या लेखांचंही असंच. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, तेव्हा चकली-चिवड्याचा हिशेबही त्या दिवसापासून मागे मोजूनच करायचा. संक्रांत मात्र सूर्याप्रमाणे येते, म्हणून तिळगुळाच्या लेखाला जानेवारीशी जानेवारी ताडून पाहिला तरी चालतो.

उरलेले वीस टक्के कुठे गेले

पंचांगानं साठातले चाळीस टक्के समजावले. उरलेल्या विसाचं कारण शोधायचं, तर दर्शनं आणि क्लिक शेजारी शेजारी ठेवावे लागतात. दर्शनं तेवढीच राहिली आणि क्लिक घटले, तर लेख दिसतो आहे पण निवडला जात नाही. शीर्षक नेमकं नसेल, यादीतली जागा खाली गेली असेल, किंवा वाचकाला उत्तर शोधाच्या पानावरच मिळालं असेल. उलट दर्शनंच घटली, तर एक तर लोकांनी ती गोष्ट कमी शोधली किंवा आपलं पान यादीत कमी वेळा येऊ लागलं.

समजा, आपल्या लेखिकेची दर्शनं ५०,००० वरून ४०,००० वर आली. दोन्ही वर्षी दर शंभर दर्शनांमागे दहाच क्लिक पडतात. म्हणजे शीर्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. पानच कमी दिसतं आहे. आता तिनं त्या वर्षात काय बदललं ते आठवायचं.

तिनं जून महिन्यात जुन्या चाळीस लेखांचे पत्ते बदलले होते. त्यामागचं कारण बऱ्याच मराठी लेखकांच्या ओळखीचं आहे. पत्त्यात ‘मोदक’ हा शब्द देवनागरीत ठेवला की ब्राउझरमध्ये तो नीट दिसतो, पण दुवा कॉपी करून कुठे चिकटवला की अनेकदा त्याचं असं रूप होतं:

```
%E0%A4%AE%E0%A5%8B%E0%A4%A6%E0%A4%95
```

म, ओकाराची मात्रा, द आणि क अशी ही चार चिन्हं. संगणकात प्रत्येकाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो. चार चिन्हांची छत्तीस अक्षरं झाली. असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर तो उघडायला लोक बिचकतात. म्हणून तिनं पत्ते रोमन लिपीत केले. निर्णय समजण्यासारखा होता. चूक झाली ती पुढच्या पायरीवर: जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय तिनं केली नाही.

या सोयीला ‘३०१ रीडायरेक्ट’ म्हणतात. घर बदलल्यावर टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवावा, तसं हे काम. ते केलं नाही, तर जुन्या दुव्यावर ‘४०४’, म्हणजे पान सापडत नाही, असा निरोप येतो. गूगलच्या यादीतून जुना पत्ता हळूहळू गळून पडतो. इतरांनी आपापल्या पानांवर दिलेले दुवे, जुन्या गटांमध्ये फिरणारे संदेश, कोणी साठवून ठेवलेली खूण, सगळं वाया जातं. नव्या पत्त्याला मात्र जुन्याची पुण्याई मिळत नाही. त्याला ओळख नव्यानं कमवावी लागते, आणि जून ते ऑगस्ट हा काळ त्याला पुरला नसेल.

पण हा अजून संशय आहे. खात्री करायला तीन जागा पाहायच्या. एक, सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालात ‘४०४’ मध्ये मोडणाऱ्या पत्त्यांची संख्या जूननंतर वाढली का? दोन, मोदकाच्या जुन्या पत्त्याचे क्लिक जूननंतर शून्याकडे गेले आणि नव्याचे शून्यापासून सुरू झाले का? दोन्हींची बेरीज पूर्वीपेक्षा कमी भरते का? तिसरी खूण सर्वांत भरवशाची. ज्या लेखांचे पत्ते आधीपासूनच रोमन होते आणि ज्यांना तिनं हात लावला नाही, त्यांचं काय झालं? समजा, खिरापतीचा लेख त्यांतला. त्याच आठ दिवसांत त्याचे क्लिक दोन्ही वर्षी सारखेच राहिले, तर लोकांची आवड घटली किंवा गूगलनं सगळ्या संकेतस्थळाला खाली ढकललं, ही कारणं मागे पडतात आणि बोट पत्त्यांकडे वळतं. खिरापतही घटली असती, तर कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं.

उपाय उशिरा केला तरी उपयोगाचा असतो. चाळीस जुन्या पत्त्यांची यादी करून प्रत्येकाचा रीडायरेक्ट त्याच लेखाच्या नव्या पत्त्यावर लावायचा. सगळे जुने दुवे मुखपृष्ठावर नेऊन सोडणं चुकीचं, कारण मोदक शोधत आलेल्या माणसाला तिथे मोदक मिळत नाही. ही सोय किमान वर्षभर काढू नये असं गूगलचं सांगणं आहे. सणांच्या लेखांना तर ती कायमच ठेवावी, कारण त्यांचे वाचक वर्षातून एकदाच येतात.

पुढच्या वर्षाचं पंचांग

आढाव्याचा शेवट पुढच्या वर्षाच्या बेतानं होतो. इथेही लेखिकेनं कालनिर्णय हाताशी घ्यावं. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दोन्ही २०२५ पेक्षा अठरा दिवस उशिरा, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. म्हणजे ऑगस्ट २०२६ चा आकडा पडलेला दिसेल, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसेल.

हा अधिक महिना १७ मे ते १५ जून असा आहे. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देण्याची चाल अनेक घरांत आहे, तेव्हा एरवी दिवाळीत शोधले जाणारे अनारसे या वर्षी मे महिन्यातही शोधले जातील. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवून दळायचे, गूळ घालून पीठ काही दिवस मुरवायचं. त्यामुळे कृती शोधणारी गृहिणी अधिक महिना लागण्याच्या आठ-दहा दिवस आधीच शोधेल. लेख एप्रिलमध्येच तपासून, पत्ता न बदलता, तयार असायला हवा.

मागच्या अधिक महिन्यात अनारसे किती शोधले गेले होते, हे पाहता आलं तर बेत नेमका करता येईल. तो होता अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३. पण सर्च कन्सोल फक्त मागच्या सोळा महिन्यांचे आकडे दाखवतं, आणि अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. २०२३ चा तो आकडा तेव्हाच उतरवून ठेवला नसेल, तर आता मिळणार नाही. ३१ डिसेंबर २०२५ रोजी मागे पाहिलं तर नजर जेमतेम ऑगस्ट २०२४ च्या अखेरीपर्यंत पोचते. त्या वर्षीच्या चतुर्थीचा आठवडा कसाबसा दिसतो, आणि जानेवारी संपेपर्यंत तोही जाईल.

म्हणून संकेतस्थळ चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं. आढावा लिहायला बसण्याआधी सर्च कन्सोल उघडा, सोळा महिन्यांची मर्यादा निवडा, ‘एक्स्पोर्ट’ दाबून फाइल उतरवून घ्या आणि तिच्या नावात साल घाला. मग त्या फाइलशेजारी एका कागदावर त्या वर्षीच्या सणांच्या तारखा आणि संकेतस्थळात तुम्ही केलेले बदल तारखेसह लिहून ठेवा.