वास्तुशांतीला जमणार नसेल तेव्हा

वास्तुशांतीला जाणं जमणार नसेल, तर ते आमंत्रण आल्यावर दोन-तीन दिवसांतच कळवावं. केटररला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो. आदल्या रात्रीचा नकार म्हणूनच जास्त बोचतो. महिनाअखेरीस नाशिकहून पुण्याला चौघांचं जाणं-येणं आणि वर 501 रुपयांचं पाकीट झेपत नसेल, तरी तापाचं निमित्त काढू नये. संध्याकाळच्या स्टेटसवर ते उघडं पडतं. जवळच्या मित्राला मेसेज न करता फोन करावा: ‘या महिन्यात जरा ओढाताण आहे रे. दहा तारखेनंतरच्या रविवारी एकटा येतो, घर निवांत दाखव.’ ओळख बेताची असेल, तर ‘त्या दिवशी जमणार नाही’ एवढंच पुरतं. दिवस न ठरवता म्हटलेलं ‘येऊ कधीतरी’ मात्र कोरडं वाटतं. ठरल्या रविवारी नारळ आणि पाव किलो पेढे पुरेत.